मसालेभात 8 किलो म्हणजे 8 किलो तांदूळ, काका!

काका नमस्कार,
रविवारी सुदामानगरला आमच्या वास्तुशांतीचं जेवण तुमच्याकडे होतं, 150 पानं, 50-50 च्या तीन पंगती. तीन दिवस झाले पण मनातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

लिस्ट मी आठ दिवस आधीच व्हॉट्सॲपवर टाकली होती आणि तुम्ही ओके केलं होतं. श्रीखंड 15 किलो म्हणजे माणशी 100 ग्रॅम, पुऱ्या 800, बटाट्याच्या भाजीला बटाटे 15 किलो, मठ्ठा 25 लिटर, साध्या भाताला तांदूळ 5 किलो आणि मसालेभात 8 किलो. श्रीखंड-पुरी अगदी बरोबर पुरली, मठ्ठा तर उरला, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

घोळ झाला मसालेभाताचा. दुसरी पंगत बसली, पानं वाढली, आणि तुमचा मुलगा पातेल्याच्या तळाशी झारा खरखर करत होता. पहिल्या पंगतीतच भात संपला होता!! देवासहून आलेल्या माझ्या मावशी मठ्ठ्याची वाटी हातात धरून भाताची वाट बघत बसल्या आणि शेवटी तशाच उठल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन घरातला दोन किलो कोळम कुकरला लावला, तो तरी शंभर माणसांना कुठे पुरणार.

नंतर तुम्ही म्हणालात की 8 किलो लिहिलं होतं, 8 किलोच दिला. म्हणजे तुम्ही शिजलेला भात 8 किलो दिलात, पुलावाची ऑर्डर घेता तसा तयार माल तोलून. अहो पण एक किलो तांदळाचा भात अडीच-तीन किलो होतो, वर भाज्या वेगळ्या, म्हणजे 8 किलो तांदळाचा वीस-बावीस किलोच्या वर झाला असता. माणशी दीडशे ग्रॅम धरला तरी 150 जणांना साडेबावीस किलो लागतो, आणि तयार 8 किलो म्हणजे जेमतेम 50 पानं, झालंही तेच. मला तर सकाळीच शंका यायला हवी होती, कारण एवढा भात असता तर पातेलं दोन माणसांनी कडीला धरून उतरवलं असतं, तुमच्या मुलाने ते एकट्यानेच टेम्पोतून आत आणलं.

मान्य, मसालेभातासमोर मी "तांदूळ" शब्द लिहिला नाही. पण त्याच लिस्टमध्ये वरच्याच ओळीत साध्या भाताला 5 किलो तांदूळ लिहिलेत, मग मसालेभात 8 किलो शिजलेला कसा धरलात, आणि 150 माणसांना एवढा कसा पुरेल हे इतकी वर्षं काम करणाऱ्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. एक फोन केला असता तरी झालं असतं.

माझं म्हणणं एवढंच की 100 पानांच्या मसालेभाताचे पैसे बिलातून कमी करा आणि सुधारलेलं बिल शनिवारपर्यंत पाठवा, बाकीचे पैसे मी त्याच दिवशी देते. आणि पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलाच्या मुंजीची ऑर्डर तुम्हालाच सांगितली आहे, त्याच्या लिस्टवर भाताच्या प्रत्येक ओळीत कच्चा तांदूळ किती ते तुमच्या हाताने लिहून द्या, मगच ॲडव्हान्स देऊ.