माग लावताना

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

रिजिड हेडल लूम घेतलास ते बरं केलंस. इचलकरंजीत उभ्या धाग्यांचा रोळ, म्हणजे बीम, भरायचा एकाने आणि धागे ओवायचे वहिफणीवाल्यांनी, अशी कामं वाटलेली असायची. तुझ्या मागावर दोन्ही तुलाच करायचंय. शिवाय आमच्याकडे धागे वर-खाली करायला वही वेगळी आणि आडवा धागा ठोकायला फणी वेगळी. तुझ्याकडे एकच फणी दोन्ही कामं करते. तिच्यात एक फट, एक भोक, असं आलटून पालटून असतं. भोकातला धागा फणीबरोबर वर-खाली होतो आणि फटीतला जागच्या जागी राहतो. साध्या विणीला एवढंच लागतं.

आधी लोकर मोज. पट्टीवर ती न ओढता, शेजारी शेजारी गुंडाळ आणि एका इंचात किती वेढे बसले ते पाहा. १६ बसले तर साध्या विणीला त्याच्या निम्मे धरायचे, कारण दोन उभ्या धाग्यांच्या मध्ये आडव्यालाही जागा हवी. म्हणजे इंचाला ८ धाग्यांची फणी. त्याच लोकरीसाठी दाट फणी घेतलीस तर कापड पुठ्ठ्यासारखं होईल.

तुला मफलर ६० इंच लांब आणि ८ इंच रुंद हवाय. पण ताणा, म्हणजे उभे धागे, ६० इंचांचा घेऊन भागत नाही. उभा धागा आडव्याच्या वरून-खालून जाताना लांबी खातो आणि धुतल्यावर लोकर आटते. दोन्हीचे मिळून २० टक्के धर, ते झाले १२ इंच. शेवटी फणीमागचा थोडा ताणा विणताच येत नाही आणि पुढे गाठींनाही धागा लागतो, त्याला २४ इंच सोड. दशा त्यातच निघतात, वेगळ्या धरू नकोस. एकूण ९६ इंच, बरोबर ८ फूट. रुंदीही तशीच आकसते, म्हणून फणीवर १० इंच घे. इंचाला ८ प्रमाणे ८० धागे झाले. ताण्यालाच जवळजवळ १९५ मीटर लोकर जाईल आणि आडव्या बाण्याला साधारण १६० लागेल. कमी गुंडे आणू नकोस, दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही.

आता माग टेबलाला आवळ, मागची बाजू तुझ्याकडे. समोर खुंटी अशी बसव की मागच्या दांडीपासून तिथपर्यंत ८ फूट भरतील. लोकरीचं टोक दांडीला बांध. फणीच्या मध्यापासून ५ इंच बाजूला जाऊन पहिल्या फटीतून हुकाने लोकरीचा फास ओढ आणि खुंटीत अडकव. पुढचा फास पुढच्या फटीतून. धागा दांडीवर एकदा वरून, एकदा खालून आणायचा. भोकं आत्ता रिकामीच राहू देत. प्रत्येक फटीत दोन धागे, म्हणजे ४० फटी भरल्या की ८० झाले. धागा सैल नको, पण ताणूही नकोस. दमलेल्या हाताने ओढलेले शेवटचे फास नेहमी सैल निघतात, तिथे लक्ष ठेव.

गुंडाळायला मात्र कुणाला तरी हाताशी घे. खुंटीवरून काढलेला ताणा एकाने सारख्या ताणात धरायचा आणि दुसऱ्याने मागचा रोळ फिरवायचा. प्रत्येक फेऱ्यात मध्ये ब्राउन पेपर घाल, ताण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद. कागद नसला की वरचे धागे खालच्या थरात रुततात. काठाचे घसरतात, त्यांचा फेरा लहान होतो, आणि विणत अर्ध्यावर गेलीस की नेमके तेच लोंबू लागतात. तेव्हा सावरणं अवघड जातं.

फणीपुढे फूटभर धागा उरला की थांब आणि टोकाचे फास काप. मग प्रत्येक फटीतल्या दोनपैकी एक धागा काढून शेजारच्या भोकात ओव. पहिल्या फटीला उजवं भोक घेतलंस तर शेवटपर्यंत उजवंच. ओवून झालं की फणी वर उचल आणि बाजूने, डोळे धाग्यांच्या पातळीला आणून बघ. धाग्यांचे दोन स्वच्छ थर दिसले पाहिजेत. खाली करूनही बघ. मध्येच लोंबणारा धागा कुठेतरी अडकलाय किंवा दुसऱ्यावरून गेलाय. एखादं भोक रिकामं असेल तर त्या फटीत दोन धागे राहिलेत, आणि कापडात तिथे जाड उभी रेघ पडेल.

पुढच्या दांडीला इंच-इंचाचे झुपके मधून काठाकडे बांध, आधी नुसती अर्धी गाठ. तळवा फिरवून सैल झुपके ओढून घे, मग सुरगाठ मार. सुरुवातीला जाड चिंध्यांच्या तीन-चार ओळी विणल्यास की गाठींमुळे पडलेल्या फटी मिटतात.

चिंध्या विणायच्या आधी मला फोटो पाठव. वरून काढू नकोस, बाजूने काढ, फणी उचललेली असताना.

तुझे,
बाबा