ताई, ती वही अजून माझ्याकडेच आहे

प्रिय ताई,

तू पास होऊन गेलीस आणि तुझे आभार मानायचे राहूनच गेले. समोरासमोर मला ते जमलंही नसतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

पहिल्या सेमिस्टरमधली ती संध्याकाळ आठवते? लेक्चरमधलं एक वाक्य मी मराठी अक्षरांत उतरवून आणलं होतं : ‘पॉवर डिपेंड्स ऑन द सेकंड पॉवर ऑफ करंट.’ मला वाटलं, सर दोनदा तेच म्हणाले. तू हसली नाहीस. ‘शाळेत याला काय म्हणायचे?’ एवढंच विचारलंस. मग लक्षात आलं, पहिली पॉवर म्हणजे शक्ती आणि दुसरी म्हणजे घात. आपल्याकडे दोन शब्द, इंग्रजीत एकच. रोध 3 ओहम धरून तू गणित घातलंस. धारा 2 अँपिअर असताना शक्ती 12 वॅट, आणि 4 अँपिअर केल्यावर 48. उत्तरं मी तोंडी दिली. विषय येत होता गं, अडत होतं ते नावांपाशी.

त्याच रात्री तू ती वही दिलीस. उद्याच्या धड्यातले फक्त आठ-दहा शब्द आदल्या रात्री काढायचे, शेजारी मराठी शब्द लिहायचा आणि समीकरण मोठ्याने वाचायचं. हे मोठ्याने वाचणं मला आधी खुळचटपणा वाटला होता. पण ‘भागिले’ आणि ‘वर्ग’ म्हणत वाढलेल्या जिभेला ‘अपॉन’ आणि ‘स्क्वेअर’ वळायला पंधरा दिवस लागले. त्यानंतर लेक्चरमध्ये मनातल्या मनात भाषांतर करताना पुढचं वाक्य निसटणं कमी झालं.

ग्रुपचं दुखणं वेगळं होतं. ओहमच्या नियमाच्या प्रॅक्टिकलला 1, 2, 3 व्होल्टला 0.2, 0.4, 0.6 अँपिअर आले आणि 4 व्होल्टला कुणीतरी पुन्हा 0.6 वाचलं. 0.8 यायला हवं हे मला दिसत होतं. तरी तक्त्यात मीच गुपचूप 0.6 लिहिलं, कारण अख्खं वाक्य जुळेना. आलेख वाकला आणि सरांनी सगळं पुन्हा करायला लावलं. तू म्हणालीस, ‘अख्खं वाक्य मागितलंय कुणी? चेक धिस अगेन म्हण आणि काट्यावर बोट ठेव.’ पुढच्या प्रॅक्टिकलला तेच केलं. सगळे वाकून काट्याकडे बघायला लागले, माझ्या इंग्रजीकडे कुणाचं लक्षच नव्हतं!

व्हायव्हात अजून ततपप होतं, हेही सांगून टाकते. सरांचे विनोद तर बाकीचे हसले की कळतात.

वही परत हवी असेल तर कळव. मागची कोरी पानं मात्र मी भरून टाकलीत.

तुझी,
शेजारच्या खोलीतली