दोन ढांचे की एक?

मुंबई

प्रिय नंद्या,

पत्र लिहायला उशीर झाला म्हणून शिव्या घालणार असशील, तर एकदाच घाल आणि पुढे वाच. तब्येत ठीक, रक्तदाबाची गोळी चालू, आई मजेत. आता मुद्द्याचं. मन्या शिडाची बोट घेतोय आणि निम्मे पैसे माझे आहेत. जुन्या दोन बोटी समोर आहेत, दोन्ही साधारण अडतीस फुटी. एक तुझ्या आवडीची, एका ढांच्याची, खाली जड कील असलेली. दुसरी कॅटामरान, दोन ढांचे मधल्या पुलाने जोडलेली. रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय आणि घरात हे कोणाशी बोलायची सोय नाही. वहिनी एवढंच विचारते, "दोन्हीत संडास आहे ना?"

तू म्हणशील, यात विचार कसला, कॅटामरान म्हणजे तरंगता फ्लॅट. तुझं ते वाक्य मला पाठ आहे. रेवदंड्याच्या वाटेवर तू मन्याला ते ऐकवलंस आणि तो दोन दिवस तुझ्याशी बोलला नव्हता. पण आम्ही लागोपाठच्या दोन दुपारी दोन्ही चालवून आलो, वायव्येचा वारा दोन्ही दिवशी जवळपास सारखाच. त्यामुळे आता मला तुझं अर्धंच पटतं.

तुझ्या आवडीच्या बोटीत वारा वाढला की ती कलते. वीस अंशांवर गेली की चहाचा कप सरकतो, मन्या कठड्याला चिकटतो आणि कोणी काही न सांगता आपण शीड कमी करतो. कललं की शिडावरचा दाब आपोआप घटतो आणि खालचं वजन तिला परत ओढतं. कॅटामरान यातलं काहीच सांगत नाही. सोळा नॉट्सचा वारा बावीस झाला तर दाब जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो, पण डेक आडवंच. पाण्याची बाटली उभीच्या उभी. तिचा सगळा जोर रुंदीत आहे, आणि वाऱ्याकडचा ढांचा पाण्याबाहेर येताच तो जोर कळसाला पोचतो. हे दहाएक अंशांतच होतं. त्यापुढे तो घटतच जातो, आणि उलटली तर ती उलटीच राहते, स्वतःहून सरळ होत नाही. म्हणून तिच्यावर शीड अंगाला जाणवलं म्हणून नाही, वाऱ्याच्या यंत्रावरचा आकडा बघून कमी करायचं. वारा पाठीमागून असला तर आणखी फसगत. वीस नॉट्सच्या वाऱ्यात आठने पळत असलास की अंगावर बाराच जाणवतो. तशात वाऱ्याकडे तोंड वळवलंस की पूर्ण वीस आणि वर बोटीचा वेग. मन्याला हे तीनदा सांगितलं. त्याने तिन्ही वेळा मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

पण नंद्या, बोट ठेवायची आणि न्यायची कुठे, ते बघ. आपण काही भूमध्य समुद्रात नाही. आपल्याला खाड्यांत शिरायचंय, आणि खाडीच्या तोंडाशी वाळू. तुझी बोट पाण्याखाली एक पूर्णांक नऊ मीटर, कॅटामरान एक पूर्णांक एक. कागदावर ऐंशी सेंटिमीटरचा फरक, म्हणजे काहीच वाटत नाही. मी हिशोब मांडला. धर, खाडीच्या तोंडावर नकाशात 0.6 मीटर खोली आहे. त्यावर ओहोटीला 0.6 पाणी, भरतीला 3.0. कीलखाली निदान अर्धा मीटर पाणी हवं. तुझ्या बोटीला एकूण 2.4 लागतात, म्हणजे भरतीचं पाणी 1.8 पाहिजे. कॅटामरानला एकूण 1.6, म्हणजे पाणी 1.0 असलं की झालं. आता आपला तांडेलकाकांचा बारा भागांचा नियम लाव : पहिल्या तासाला एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. इथे एक भाग म्हणजे वीस सेंटिमीटर. पहिल्या तासाअखेर 0.8, दुसऱ्याअखेर 1.2, तिसऱ्याअखेर 1.8. म्हणजे कॅटामरान ओहोटीनंतर दीड तासात आत, तुझी तीन तासांनी. भरतीनंतर उलटा हिशोब केलास तर बारा तासांत कॅटामरानला नऊ तास वाट उघडी, तुझ्या बोटीला सहा. एका दिवसात जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर हे तीन तासच बऱ्याचदा ठरवतात की रात्र बाहेर काढायची की आत. (लाट असेल तर अर्धा मीटर विसर, दुप्पट धर. वाळूवर कील आपटताना मनातला हिशोब उपयोगाचा नसतो.) आणि आत पाणी उतरलं तरी कॅटामरान चिखलावर सरळ बसते. तुझी आडवी पडेल आणि सगळं गाव बघायला येईल.

एवढं झाल्यावर तू म्हणशील, मग घे की. थांब. छोट्या बंदरात तिची दुसरी बाजू दिसली. दोन इंजिनं दोन टोकांना, एक पुढे एक मागे घातलं की जागच्या जागी फिरते, हे खरं आणि सुंदर आहे. तुझी एका पंख्याची बोट मागे घेतली की तिची पाठ आधी डावीकडे पळते. जेट्टी डाव्या अंगाला असेल तर तेच कामी येतं, नाहीतर शिव्या. पण कॅटामरान साडेसहा मीटरवर रुंद. आपल्या जेट्ट्यांवर मच्छिमारांच्या होड्या एकाला एक बांधलेल्या, त्यात ही घालायची कुठे? शिवाय बाजू उंच, आणि खोल कील नाही, त्यामुळे हळू गेलास की वारा तिला आडवी ढकलत नेतो. वेग सोडायचा नाही आणि वेग ठेवायचाही नाही, अशी पंचाईत.

सगळ्यात जास्त डोक्यात बसलंय ते गेटवेसमोर पाहिलेलं. संध्याकाळी भरतीचं पाणी आत येत होतं आणि वायव्येचा वारा त्याच्याविरुद्ध. खोल कीलच्या बोटी पाण्याचं ऐकून तोंड दक्षिणेला करून उभ्या. कॅटामरान वाऱ्याचं ऐकून तोंड वायव्येला. एकाच नांगरतळावर शेजारी दोन बोटी, दोन दिशांना तोंडं, आणि मधे अंतर वार्षिक सभेत ठरवलेलं. आमची पाठ शेजारच्याच्या नाळेपासून हातभर राहिली. मन्याने फेंडर पुढे केला, शेजारचा खलाशी पायाने ढकलत म्हणाला, "शेट, ही घ्यायची तर जागा बदला." म्हणजे भाड्याची वेगळी जागा, जास्त साखळी आणि आजूबाजूला कॅटामरानच असतील अशी सोय. ते कोण देतंय?

झोपेचं सांगायचं तर उघड्या बंदरात, हर्णैसारख्या ठिकाणी, तुझी बोट रात्रभर कुशी बदलते. कॅटामरान बदलत नाही, पण छोट्या लाटांत मधल्या पुलाखाली धपाधप आवाज होतो आणि हलणं तुटक. मला गोल डोलणं बरं. आईला मात्र तुझ्या बोटीत एक रात्र झोपवून बघ.

कौल सध्या असा : जागा मिळाली तर कॅटामरान, पण वाऱ्याचा आकडा मी बघणार, मन्या नाही. जागा नाही मिळाली तर तुझीच, पण खोल नव्हे, दीड मीटरच्या आखूड कीलची शोधायची. थोडी वाऱ्याविरुद्ध कमी चढेल, चालेल. तू आता म्हणशील, मी हेच आधी सांगितलं होतं. तू "दोन कीलांची घे" म्हणालास, ते वेगळं. भांडण उकरू नकोस.

तुझं घर बदललं का? मुलीची परीक्षा कशी झाली? तिकडच्या वहिनीला नमस्कार. कंबर बघ, तुझ्यासारख्याला कललेल्या डेकवर उभं राहायचं वय राहिलेलं नाही.

शनिवारी रात्री फोन कर, रविवारी सकाळी मालक येणार आहे. बोटीखाली जाऊन बघणाऱ्या सर्व्हेयरला काय काय विचारायचं ते सांग, विशेषतः ढांचे आणि मधला पूल जिथे जुळतात तिथल्या भेगांबद्दल.

तुझा,
अव्या