बोनस एकदम गुंतवायचा की हप्त्याहप्त्याने?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

कर कापून बोनसचे ३ लाख ६० हजार हातात आले, ते एकदम टाकू की एसआयपीसारखे थोडे थोडे, असं तू विचारलंस. बाबा लगेच "थोडे थोडे" म्हणून मोकळे झाले. मला ते इतक्या झटकन पटत नाही.

पगारातून तू महिन्याला २० हजारांची एसआयपी भरतेस, कारण पगारच महिन्याला येतो. आला की गुंतवतेस, साठवून ठेवत नाहीस. हाच नियम बोनसला लावला तर तो वर्षातून एकदा येणार आणि तेव्हाच गुंतवला जाणार. अजून वीस-पंचवीस वर्षं तू नोकरी करशील, म्हणजे तितक्याच वेगवेगळ्या एप्रिलमध्ये, वेगवेगळ्या भावांना तुझी खरेदी होईल. ही वर्षाच्या हप्त्याची एसआयपीच झाली की!

आता बोनसचे आणखी बारा तुकडे केले तर काय होतं? पहिले ३० हजार आज जातात, शेवटचे अकरा महिन्यांनी. सरासरीने प्रत्येक रुपया साडेपाच महिने बाहेर थांबतो. तोवर थांबलेले पैसे लिक्विड फंडात, म्हणजे फारशी चढउतार नसलेल्या अल्पमुदतीच्या फंडात, ठेवले आणि इक्विटीत वर्षाला १२ टक्के, लिक्विड फंडात ६ टक्के मिळतील असं धरलं (धरलंच फक्त, हमी कुणाचीच नाही), तर महिन्याला अर्धा टक्का सुटतो. म्हणजे थांबण्याची किंमत सुमारे १० हजार. सहाच हप्ते केले तर सरासरी थांबणं अडीच महिन्यांवर येतं आणि किंमत साडेचार हजारांवर. हा विम्याचा हप्ता समज.

विमा मिळतो तो असा. समज, फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, आज १०० आहे आणि दर महिन्याला पाच-पाचने उतरत ७५ वर आली. एकदम टाकलेल्या ३ लाख ६० हजारांचे २ लाख ७० हजार दिसतील. साठ-साठ हजारांच्या सहा हप्त्यांचे साधारण ३ लाख ११ हजार. एक्केचाळीस हजार वाचले, कमी नाहीत. पण तुझे आधीचे १४ लाख त्याच फंडात आहेत ना? ते त्याच पडझडीत साडेतीन लाखांनी खाली येतील आणि बोनस कसाही घातलास तरी त्याला इलाज नाही. दरवर्षी जुनी रक्कम वाढत जाईल, तसा बोनस कसा घातला याने पडणारा फरक कमी कमी होत जाईल. इक्विटीत एकूण किती ठेवायचं, हा खरा प्रश्न. तीन वर्षांत फ्लॅटचं डाउन पेमेंट करायचं ठरत असेल, तर तेवढे पैसे इक्विटीत एकदमही नकोत आणि हप्त्यानेही नकोत.

खरं नुकसान तिसऱ्याच ठिकाणी होतं. बोनस बचत खात्यात पडून राहतो, कारण "बाजार अजून पडेल". २०२० आठव. जानेवारीत निफ्टी १२,३६२ वर बंद झाला होता, २३ मार्चला ७,६१०. त्या एप्रिलमध्ये ज्यांना बोनस मिळाला, त्यातले कितीतरी जण दुसऱ्या घसरणीची वाट पाहत बसले. नोव्हेंबरमध्ये निफ्टीने जानेवारीचा उच्चांक ओलांडला. हप्ते लावणारेही असंच करतात: बाजार उतरला की घाबरून उरलेले हप्ते थांबवतात. विमा काढला आणि नेमका आजारपणात बंद केला!

म्हणून माझं मत: तुझा बोनस आधीच्या रकमेच्या चौथ्या हिश्शाएवढा आहे, पैसा पंधरा वर्षं लागणार नाही, तर एकदम टाक. दुसऱ्या महिन्यात उणे २० टक्के दिसले आणि झोप उडेल असं वाटत असेल, तर सहा हप्ते कर. बारा नकोत.

हप्ते करायचे तर पैसे बचत खात्यात ठेवू नकोस. तुझा इक्विटी फंड ज्या फंड घराण्याचा आहे, त्याच घराण्याच्या लिक्विड फंडात सगळी रक्कम घाल आणि तिथून एसटीपी लाव, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप इक्विटी फंडात जाईल आणि तुझ्या हाताला थांबवायचं निमित्त मिळणार नाही. दर महिन्याची बदली ही लिक्विड फंडातली विक्री धरली जाते. त्यावरचा नफा थोडाच असतो, पण तुझ्या स्लॅबप्रमाणे करपात्र असतो, तेव्हा रिटर्नमध्ये दाखवायला विसरू नकोस. इक्विटीत मात्र प्रत्येक हप्त्याचं वर्ष त्याच्या त्याच्या तारखेपासून मोजतात, लवकर पैसे काढले तर कापल्या जाणाऱ्या एक्झिट लोडसाठीही आणि दीर्घ मुदतीच्या करासाठीही.

आणि एप्रिलची पगारवाढ हातात पडली की एसआयपी २० हजारांवरून २३ कर. बोनसचा फॉर्म भरशील तेव्हाच तेही उरकून टाक. बाबांना मी समजावते.

तुझी,
आई