सुमे, दरवाजा दोन घरं उंच होत नाही

सातारा, पौष

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला पत्र नाही. फोनवर बोलतो, पण फोनवर यांचा खोकला आणि तुझ्या कुकरच्या शिट्ट्या यांतच वेळ जातो. आमच्या तब्येती ठीक. माझे गुडघे आहेत तसेच. आता मुद्द्यावर येते, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

सुनेला सातवा लागलाय. बाळासाठी मी दुलई विणायला घेणार हे तिला कळलं, तर परवा तिने एक चौकटीचा कागद आणून माझ्या हातात दिला. गच्चीवरून दिसतो तसा अजिंक्यतारा काढलाय. सपाट माथा, खाली उतरती बाजू आणि मधोमध किल्ल्याचा दरवाजा. म्हणाली, “आई, असं विणता येईल?” सुमे, लग्न होऊन आल्यापासून या मुलीने माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. अकोल्याची, अबोल, सगळ्याला “चालेल” म्हणणारी. मी लगेच हो म्हटलं. मोती चौकातून मोरपिशी आणि सायीच्या रंगाची लोकरही आणली.

विणायची ती आपल्या उचललेल्या टाक्यांच्या पद्धतीने, मोझॅइकनेच. हे म्हणाले, दोन्ही रंग एकदम घेऊन भर ना. तसं केलं तर तिचं चित्र जसंच्या तसं उतरेल, हे खरं. पण तेव्हा प्रत्येक ओळीत दोन्ही दोरे हातात आणि मागे सगळीकडे धागे. मोझॅइकमध्ये एका वेळी एकच रंग हातात असतो. दोन ओळी सायीच्या, दोन ओळी मोरपिशी. दुसरा रंग हवा तिथे खालच्या ओळीतला टाका न विणता नुसता उचलून दुसऱ्या सुईवर घ्यायचा. संध्याकाळी देवापाशी बसूनही विणता येतं.

आणि तुझंमाझं ते जुनं भांडण! तू म्हणायचीस दोरा मागे, मी म्हणायचे दोरा पुढे, आणि कँटीनमध्ये चहा गार व्हायचा. तू सुलट बाजूचं बोलत होतीस आणि मी परतीच्या ओळीचं. उचलताना दोरा कायम कापडाच्या उलट्या बाजूला राहायला हवा, एवढंच ते होतं. वाद मात्र तूच सुरू करायचीस, हे लिहून ठेव.

तर कागद घेऊन बसले. ग्राफ तुला माहीत आहे तसाच वाचायचा: घरांची एक ओळ म्हणजे सुईवरच्या दोन ओळी. उजवीकडचं पहिलं घर ज्या रंगाचं, तो दोरा हातात. त्या रंगाची घरं विणायची, दुसऱ्या रंगाची उचलायची. परतताना कागद बघायचाच नाही. हातातल्या रंगाचा टाका आला की सुलट विणायचा, दुसऱ्या रंगाचा आला की उचलायचा. दोन्ही बाजूंनी सुलट विणल्यामुळे दोन ओळींची जी वळी होते, तिची उंची साधारण टाक्याच्या रुंदीएवढी भरते, म्हणून चौकटीच्या कागदावरचं चित्र फारसं दबत नाही. इथवर माझा जीव खुशीत होता.

कागदावरच्या विषम ओळी मी सायीच्या धरल्या, सम ओळी मोरपिशी, आणि पाया मोरपिशी. अकराव्या ओळीला डोंगर अकरा घरं सलग मोरपिशी. म्हणजे हातात साय असताना अकरा टाके एकापाठोपाठ उचलायचे! नमुन्याला म्हणून तेवढा तुकडा विणून बघितला. कापड चुणलं, मोरपिशी टाके लांबट ओढले गेले आणि मागे अकरा टाक्यांएवढा धागा लोंबता राहिला. तान्ह्या बाळाची बोटं त्यात अडकायची. तीनपेक्षा जास्त टाके मी सलग उचलू देणार नाही.

याला तोड निघाली. अकराव्या ओळीत तीन मोरपिशी, एक साय, तीन मोरपिशी, एक साय, तीन मोरपिशी. तेराव्या ओळीत सायीचे ठिपके सरकवून दुसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या घरात घेतले, म्हणजे उभ्या रेघा पडत नाहीत. बाराव्या ओळीत डोंगर सगळा मोरपिशी विणला जातो. आकाशाला हेच उलट, मोरपिशी ओळीत मोरपिशी ठिपके. ठिपक्यांनी डोंगर खडकाळ दिसायला लागला, मला तर आवडला. या प्रकाराला मोझॅइक हे नाव देणाऱ्या बार्बरा वॉकरबाईंचे नमुने तू दाखवले होतेस, त्यांत सगळी वळणं, पायऱ्या आणि चक्रव्यूह. मोठा कोरा पट्टा नाहीच. का ते आता पटतं.

अडलंय ते दरवाजापाशी. तिने दरवाजा एक घर रुंद आणि दोन घरं उंच काढलाय, सोळाव्या आणि सतराव्या ओळीत. सोळावी मोरपिशी ओळ, त्यात दरवाजाला साय हवी, म्हणजे तो टाका उचलायचा. पण उचलणार काय? पंधराव्या ओळीत त्या जागी डोंगर आहे, सुईवर मोरपिशी टाकाच बसलाय. उचलायच्या घराखाली त्याच रंगाचं घर असावंच लागतं. मग म्हटलं, दरवाजा एक ओळ खाली आणू, पंधरा आणि सोळा. पंधराव्यात साय विणली, सोळाव्यात उचलली, ठीक. सतराव्यात हातात पुन्हा साय आणि सुईवरही सायच! विणा नाहीतर उचला, दिसणार सायच. मोरपिशी परत येतो तो अठराव्या ओळीत. म्हणजे दरवाजा एक घर उंच होईल किंवा तीन, दोन कधीच नाही. मग सगळा कागद उभा तपासला. कुठल्याही उभ्या रांगेत खालून वर, दुसऱ्या रंगाच्या मध्ये आलेली एकाच रंगाची सलग घरं मोजायची, संख्या सम आली की ते घर विणता येत नाही. तिच्या चित्रात अशा बऱ्याच जागा आहेत, पण बाकीच्या कडेच्या आहेत, एखादं घर इकडे-तिकडे केलं तर कळणारही नाही. दरवाजा मात्र कळेल. तीन घरं केला तर तो डोंगराच्या मानाने उंच होतो, एक केला तर ठिपक्यांत हरवतो.

तुला वाटेल, एवढंच ना, सांगून टाक तिला. सुमे, ती “चालेल” म्हणेल आणि परत काही मागणार नाही. तुझ्या सासूबाईंनी तो जांभळा स्वेटर “नीट करून देते” म्हणून उसवला होता, तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते मला आठवतं. त्यानंतर तू त्यांच्यासमोर सुई धरली नाहीस. मला त्या जागी बसायचं नाही.

मनात असं येतंय की कागद, खोडरबर आणि विणलेला तुकडा तिच्यापुढेच ठेवावा, दोनाचं का होत नाही ते सुईवर दाखवावं, आणि दरवाजा तिलाच परत काढू द्यावा. तीन घरं उंच ठेवून दोन घरं रुंद केला तर प्रमाण साधेल, आणि मोरपिशी ओळीत दोनच टाके उचलावे लागतील, ते चालतं. हे मी सुचवू की तिलाच सापडू देऊ? तू तिच्या जागी असतीस तर तुला काय हवं होतं?

तुझ्या धाकटीचं ठरलं का? मुलगा बडोद्याचाच आहे म्हणे, बरं झालं. कंदी पेढे पाठवते, भावजींना एकच द्यायचा, साखर वाढलीय ना त्यांची.

लवकर लिही. पायाच्या दोन मोरपिशी ओळी विणून ठेवल्यात. तुझं उत्तर आलं की तिला बोलावते.

तुझी,
मंगल