खुले पत्र: आमच्या घराण्याने पन्नाशीपर्यंत थांबायचे कसे?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या कुटुंबाला सरकारी रुग्णालयांत आनुवंशिक समुपदेशन मिळेल, असे आपण मागील वर्षी जाहीर केले होते. आमच्या घरात त्या घोषणेची वाट पाहिली गेली. गेल्या महिन्यात माझ्या ३६ वर्षांच्या धाकट्या बहिणीला याच कर्करोगाचे निदान झाले. गाठ मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या, उजव्या भागात असून आजार लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला आहे. आपला समुपदेशन कक्ष अजून उघडलेला नाही.

हा आजार आमच्या घरात अचानक आलेला नाही. वडिलांना तो ४३ व्या वर्षी झाला, आत्याला ४८ व्या वर्षी गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला आणि पाच वर्षांपूर्वी, ३९ व्या वर्षी, दादाच्या आतड्यातील गाठ काढावी लागली. दोन पिढ्या, तीन जवळचे रक्ताचे नातेवाईक आणि त्यांतील तिघेही पन्नाशीच्या आतले, एवढ्या माहितीवर कोणत्याही जाणकार डॉक्टरच्या मनात लिंच सिंड्रोमची, म्हणजे आतड्याच्या आणि इतर काही कर्करोगांचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, शंका यायला हवी. आत्याचा आजार गर्भाशयाचा म्हणून कोणी हिशेबात धरलाच नाही. वास्तविक लिंच सिंड्रोममध्ये आतड्याच्या खालोखाल तोच कर्करोग आढळतो.

दादाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही विचारले होते की, हे आनुवंशिक आहे का. त्याच्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढणारे मांसल उंचवटे, नाहीत, तेव्हा आनुवंशिक नसावे, असे उत्तर मिळाले. शेकडो पॉलिप दिसतात ते एपीसी जनुकातील दोषामुळे होणाऱ्या पॉलिपोसिसमध्ये, आणि तिथे मुलांची तपासणी दहाव्या-बाराव्या वर्षीच सुरू करावी लागते. लिंचमध्ये पॉलिप मोजकेच असतात. म्हणून पॉलिपच्या संख्येवरून लिंच नाकारता येत नाही.

उत्तर मात्र दादाच्या फायलीतच होते. प्रयोगशाळेने त्याच्या गाठीची चार प्रथिनांसाठी चाचणी केली होती. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका ही प्रथिने मुद्रितशोधकासारखी हेरून दुरुस्त करवतात. पॅथॉलॉजी अहवालाच्या दुसऱ्या पानावर, तळाशी, स्पष्ट नोंद आहे: एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिने गाठीत आढळली नाहीत, आनुवंशिक समुपदेशनाचा सल्ला द्यावा. ही दोन प्रथिने जोडीने काम करतात. एमएसएच-२ नसेल तर एमएसएच-६ टिकत नाही. त्यामुळे दोन्ही एकत्र गायब असणे हा आनुवंशिक दोषाकडे बोट दाखवणारा ठळक पुरावा असतो. एमएलएच-१ हे प्रथिन गायब असते, तर ते वाढत्या वयात आनुवंशिकतेशिवायही घडते, म्हणून आधी आणखी एक चाचणी करावी लागली असती. दादाच्या बाबतीत तेवढीही संदिग्धता नव्हती.

ते वाक्य पाच वर्षे फायलीत पडून राहिले. पहिल्या पानावर गाठीचा आकार आणि टप्पा होता. केमोथेरपीचा निर्णय त्यावर झाला आणि पुढचे पान कोणी उलटले नाही. शल्यविशारदांना वाटले की हे काम कर्करोगतज्ज्ञांचे आहे, कर्करोगतज्ज्ञांना वाटले की प्रयोगशाळेने कळवले असेल, आणि प्रयोगशाळेने तर लिहून दिलेच होते. महोदय, आपल्या व्यवस्थेत रुग्णाला केसपेपर असतो, कुटुंबाला नसतो. बहिणीला, मला किंवा मधल्या भावाला सांगणे हे कोणाचेच काम नव्हते.

बहीण ३३ वर्षांची असताना स्वतःहून त्याच रुग्णालयात गेली आणि घरातील सगळा इतिहास सांगून तिने कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून तपासण्याची, मागणी केली. तपासणी ५० व्या वर्षापासून आहे आणि तुम्हाला काही लक्षणे नाहीत, असे सांगून तिला शौचातील रक्ताची चाचणी देण्यात आली. ती निर्दोष आली आणि तिला घरी पाठवले गेले. ज्यांच्या घरात असा इतिहास नाही, अशा लोकांची चाळणी करण्यासाठी ती चाचणी असते. जिच्या भावाला ३९ व्या वर्षी कर्करोग झाला आहे, तिला ती कोलोनोस्कोपीऐवजी देणे म्हणजे तिला खोटा दिलासा देणे होय, आणि त्या दिलाशाची किंमत आता ती मोजत आहे.

हिशेब साधा आहे. जनुकाबद्दल काहीही ठाऊक नसले, तरी सख्ख्या नातेवाइकाला साठीच्या आत हा कर्करोग झाला असल्यास, चाळिशीत किंवा घरातील सर्वांत लहान वयाच्या निदानाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. दादाच्या ३९ मधून दहा वजा केले की २९ उरतात. एमएसएच-२ च्या जनुकातील दोष ठाऊक असेल, तर सुरुवात २० ते २५ या वयात होते आणि दर एक-दोन वर्षांनी तपासणी करावी लागते, कारण जो पॉलिप एरवी कर्करोगात बदलायला दहा वर्षे घेतो, तो लिंचमध्ये एक ते तीन वर्षांत बदलू शकतो. म्हणजे कोणत्याही नियमाने पाहिले, तरी माझ्या बहिणीला उशीर झालेलाच होता, आणि आपल्या तपासणीच्या अर्जावरील पन्नाशीच्या अटीने तिला आणखी सतरा वर्षे थांबायला सांगितले.

या तपासणीने काय साधते, हेही गूढ नाही. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांचा १५ वर्षे मागोवा घेतला गेला आणि निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ज्यांची कोलोनोस्कोपी दर तीन वर्षांनी झाली, त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी आढळला आणि त्या कर्करोगाने त्यांच्यातील एकही जण दगावला नाही. हे कळून इतकी वर्षे लोटली, तरी आपल्या अर्जावर कौटुंबिक इतिहासाचा रकानाही नाही.

बहिणीच्या निदानानंतर आम्ही पदरचे पैसे खर्चून जनुकीय चाचणी केली. दादामध्ये एमएसएच-२ मधील नेमका बदल सापडल्यावर आम्हा इतरांमध्ये फक्त तेवढाच बदल शोधायचा होता, त्यासाठी रक्ताचा एक नमुना पुरला. दोष असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. मधल्या भावात तो नाही. त्याची आणि त्याच्या मुलांची या चिंतेतून सुटका झाली. माझ्यात आहे. माझ्या पहिल्याच कोलोनोस्कोपीत उजव्या बाजूला एक चपटा पॉलिप सापडला आणि तो तिथल्या तिथे काढण्यात आला. तो अहवाल हातात घेऊन मी शेजारच्या वॉर्डात बहिणीच्या खाटेपाशी गेलो, तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले, ‘माझाही असाच निघाला असता ना?’ याचे उत्तर मी काय द्यावे, ते आपण मला सांगा.

मला कोणावर खटला भरायचा नाही आणि सांत्वनाचे पत्रही नको आहे. पन्नाशीची अट कौटुंबिक इतिहास असलेल्यांना लागू नाही, असे एका परिपत्रकाने सांगता येईल. मोठ्या आतड्याच्या प्रत्येक गाठीची चार प्रथिनांची चाचणी सक्तीची करता येईल; तिला नवी शस्त्रक्रिया लागत नाही, प्रयोगशाळेत जपून ठेवलेला नमुना पुरतो. प्रथिन गायब आढळले, तर रुग्णाच्या संमतीने त्याच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचण्याची जबाबदारी एका ठराविक व्यक्तीवर, तिच्या पदनामासह, टाकावी लागेल. ती जबाबदारी सर्वांची ठेवलीत, तर पुन्हा आमच्यासारखेच होईल.

सर्वांत आधी मात्र जुन्या फायली उघडा. दादाच्या अहवालावरची नोंद एकट्या दादाच्याच अहवालावर असेल, यावर माझा विश्वास नाही. ज्या अहवालांत प्रथिन गायब असल्याचे लिहिले आहे आणि कुटुंबाला काहीही कळवलेले नाही, ते अहवाल आपल्या प्रयोगशाळांतून किती दिवसांत शोधून काढले जातील आणि त्या घरांना पत्रे कोणत्या तारखेपर्यंत पोहोचतील, हे मला लेखी कळवावे.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ आणि आता स्वतःही रुग्णालयाच्या यादीतील एक नाव