दप्तर पाठीसाठी काय करते, तेवढेच लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्यापासून आपल्या पत्रस्तंभात दप्तराच्या ओझ्याविषयी पालक लिहीत आहेत. एका आईंच्या पत्राने मी अस्वस्थ झालो. ऑनलाइन मागवलेल्या दप्तराखाली ‘पाठीचा कणा सरळ ठेवते’ असे लिहिले होते, पण मुलीचे खांदे दुखायचे काही थांबले नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मी अमळनेरला 22 वर्षे दप्तरे शिवतो. गेल्या वर्षी जवळपास हेच वाक्य माझ्याही दप्तराखाली छापले गेले होते. म्हणून हे पत्र.

दप्तरे ऑनलाइन विकायची ठरवल्यावर मजकूर लिहिण्याचे काम बाहेरच्या मंडळींना दिले. त्यांनी लिहिले, ‘ऑर्थोपेडिक रचना, पाठ सरळ ठेवते, शंभर टक्के वॉटरप्रूफ, वर्षानुवर्षे टिकणारे.’ मी वाचले, बरे वाटले, आणि होकार दिला. चार महिन्यांनी शिरपूरकडच्या एका शेतकरी भाऊंचा फोन आला. त्यांनी विचारले, “भाऊ, हाई बॅग लिधी तं पोरनी पाठ सरळ व्हई ना?” मुलगी 11 वर्षांची. तिच्या कण्याला बाक आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. बापाने दप्तर मागवले आणि धुळ्याच्या तपासणीची पुढची तारीख ‘बॅगचा फरक पाहू’ म्हणून सोडून दिली. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितले की दप्तराने कण्याचा बाक जात नाही, पैसे परत करतो, पण आधी डॉक्टरांकडे जा. ते गेले. त्या रात्री मी तो मजकूर काढून टाकला आणि स्वतः लिहायला बसलो.

पहिला प्रश्न पाठीचाच होता. दप्तर शिवणाऱ्याने पाठीविषयी नेमके काय म्हणावे? कण्याचा बाक दप्तराने येतो किंवा जातो, असे म्हणायला आधार नाही. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये 2018 साली 69 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. दप्तरामुळे मुलांना पाठदुखी जडते याचा खात्रीलायक पुरावा त्यातही सापडला नाही. याचा अर्थ वाटेल तेवढे ओझे द्यावे असा नाही. जड दप्तर घेतलेले मूल पुढे वाकून चालते, दमते, त्याच्या खांद्यांवर वळ उठतात, हे कोणत्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहिले की दिसते. पण ‘ओझे नीट पेलता येणे’ आणि ‘पाठ दुरुस्त होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दप्तरवाल्याने पहिलीवरच थांबावे.

म्हणून आमचा मजकूर आता असा आहे: ‘खांद्याचे पट्टे 5 सेंटिमीटर रुंद असून आत फोम आहे, त्यामुळे वजन अरुंद पट्टीसारखे एका रेषेत रुतत नाही. पुस्तकांचा कप्पा पाठीलगत आहे. पट्टे ओढून घेतल्यास दप्तर पाठीला चिकटून राहते. हे वैद्यकीय साधन नाही. मुलाची पाठ किंवा खांदा सतत दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.’ यातले प्रत्येक वाक्य पालकाला हातात मोजपट्टी घेऊन तपासता येते. फोमने वजन कमी होत नाही, फक्त पसरते. हेही आम्ही लिहिले, कारण जाड फोम म्हणजे हलके दप्तर असा समज दुकानात रोज भेटतो.

छातीवरच्या छोट्या पट्टीबद्दलही खूप काही छापले जाते. तिचे काम एवढेच की लहान मुलाच्या अरुंद खांद्यांवरून पट्टे बाहेर घसरू नयेत. कमरेचा पट्टा तर मी स्वतःही ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवून बसवला होता. डोंगर चढणाऱ्यांच्या सॅकला जो रुंद, भरीव पट्टा असतो, तो कमरेच्या हाडावर बसतो आणि वजन खरोखर तिथे उतरवतो. तिसरीतल्या मुलाच्या दप्तराला लावलेली बोटभर नायलॉनची पट्टी ते करू शकत नाही. पळताना दप्तर कमी हलेल, एवढेच.

आता वजनाचा हिशेब. खरी गोष्ट इथे आहे, आणि बहुतेक जाहिरातींत ती नसतेच. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणाप्रमाणे पहिली ते दहावीच्या मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. चौथीतले मूल 26 किलोचे धरा. म्हणजे सगळे मिळून 2 किलो 600 ग्रॅम. आमचे जुने ‘ऑर्थोपेडिक’ दप्तर जाड फोम, पाठीमागचा प्लास्टिकचा पत्रा आणि कमरेचा पट्टा धरून रिकामेच 1 किलो 50 ग्रॅम भरत होते. भरलेली 600 मिलिलिटरची बाटली 700 ग्रॅम, भरलेला डबा 350 ग्रॅम. वह्यापुस्तकांना उरले फक्त 500 ग्रॅम. पाठीला आधार म्हणून जे बसवले, त्यानेच मुलाच्या वाट्याचे वजन खाल्ले होते. पत्रा आणि कमरेचा पट्टा काढला, फोम बेताचा ठेवला, तेव्हा दप्तर 620 ग्रॅमवर आले आणि पुस्तकांना 930 ग्रॅम मिळाले. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय असेल आणि बाटली रिकामी नेली, तर आणखी 600 ग्रॅम सुटतात. आमच्या मजकुरात सर्वांत वर रिकाम्या दप्तराचे वजन आहे, आणि त्याखाली हाच हिशेब.

मापाबद्दल ‘वय 6 ते 16’ असे लिहिण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. पहिलीतल्या मुलाला आणि दहावीतल्या मुलाला एकच दप्तर कसे बसेल? मुलाला मान खाली घालायला सांगा. मानेच्या मुळाशी जे हाड वर येते, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत पाठ मोजा. माझ्या 9 वर्षांच्या पुतणीची पाठ 34 सेंटिमीटर भरली. दप्तर मानेच्या हाडापासून साधारण 5 सेंटिमीटर खाली सुरू होते, म्हणजे कमरेपर्यंत 29 उरले. 44 सेंटिमीटर उंचीचे दप्तर तिच्या कमरेखाली 15 सेंटिमीटर लोंबत होते आणि प्रत्येक पावलाला मागे आपटत होते. 38 चे घातले तर 9 सेंटिमीटर खाली आले. कमरेखाली 10 सेंटिमीटरच्या आत असावे, असा आम्ही आडाखा धरतो. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठे घेणाऱ्या पालकांनी एवढे मोजून पाहावेच. मोठ्या दप्तरात जागा असते, आणि जागा असली की भरले जाते.

टिकाऊपणाबद्दल मी सगळ्यांत जास्त खाडाखोड केली. जाहिरातींत कापडाचा ‘डेनिअर’ मोठ्या अक्षरांत लिहितात. डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. धागा किती जाड, एवढे त्यातून कळते. विणकाम किती घट्ट, आतला लेप कसा, हे कळत नाही. शिवाय माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दप्तरांत कापड फाटलेले क्वचित असते. पट्टा जिथे वर शिवलेला असतो तिथे उसवतो, नाहीतर चेनचा रनर सैल होतो आणि मागे दात उघडे राहतात. तिसरी जागा आपल्याकडची खास आहे. शाळेच्या रिक्षावाल्यांनी बाहेरच्या आकड्यांना दप्तरे लटकवलेली आपण रोज पाहतो. सगळे वजन वरच्या उचलायच्या पट्टीवर येते आणि खड्ड्यागणिक हिसका बसतो. ती पट्टी नुसत्या एका शिलाईत दाबलेली असेल, तर वर्षाच्या आत सुटते. तिथे पुढेमागे घट्ट टाक्यांची ‘बारटॅक’ शिलाई लागते. पट्टी उलटी करून पाहिली की आडव्या टाक्यांचा जाड पट्टा बोटाला लागतो. दुकानात उभ्याने तपासता येते.

आम्ही तीन दप्तरांत प्रत्येकी 8 किलो ज्वारी भरली आणि वरच्या पट्टीने 7 दिवस खुंटीला टांगली. रोज 50 वेळा उचलून हिसका दिला. एका दप्तराची शिलाई चौथ्या दिवशी उसवू लागली. पाहिले तर त्यात बारटॅक पट्टीच्या काठावर पडला होता, सुई अर्धी कापडाबाहेर. शिवणाऱ्या भाऊंना दाखवले, खूण करायचा साचा बदलला, आणि पुन्हा तीन टांगली. ती टिकली. मजकुरात आम्ही हे जसेच्या तसे लिहिले, आधी उसवल्याचेही. ‘वर्षानुवर्षे’ हा शब्द काढला, कारण हे दप्तर विकायला लागून 11 महिनेच झाले आहेत. शिलाई आणि चेन 1 वर्षात गेली, तर फुकट दुरुस्त करतो. ब्लेडने कापले गेले, उंदराने कुरतडले, तर नाही. आणि एक गोष्ट लिहिली, जी विकणारे सांगत नाहीत: कापडाच्या आतला पातळ लेप उष्णतेने आणि दमटपणाने कालांतराने चिकट होतो, पापुद्रे सुटतात. आपल्याकडचा मे महिना पाहता, सुटीत दप्तर पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नये.

‘वॉटरप्रूफ’चेही तसेच. लेप दिलेल्या कापडाच्या तुकड्यावर पाणी ओतले की ते थांबते, आणि तोच तुकडा व्हिडिओत दाखवतात. शिवलेले दप्तर मी नळाखाली धरले. दहाव्या मिनिटाला चेनच्या कडेच्या शिलाईतून पाणी आत आले आणि वही ओली झाली. सुईने पाडलेली भोके लेपाने बुजत नाहीत. आता लिहितो, ‘हलक्या सरीत पुस्तके कोरडी राहतात. मोठ्या पावसात वरून कव्हर घाला, पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.’

नव्या मजकुराने पहिल्या दोन महिन्यांत विक्री कमी झाली. शेजारच्याच्या दप्तराखाली ‘ऑर्थोपेडिक’ असताना पालकांनी तिकडे जाणे समजण्यासारखे आहे. ग्राहक संरक्षणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला दावा करणाऱ्याला तो सिद्ध करता आला पाहिजे. पालकांनी विक्रेत्याला एवढेच विचारावे की कण्याला आधार म्हणजे दप्तराचा कोणता भाग, आणि तो काय करतो. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आम्हा विकणाऱ्यांनाही तो प्रश्न हवा आहे.

एक काम अजून राहिले आहे. आमच्या पानावरच्या फोटोत दप्तरात रद्दी कागद कोंबलेले आहेत, म्हणून ते इतके सुबक दिसते आणि फोटोतले मूल इतके ताठ उभे आहे. मजकूर खरा आणि फोटो खोटा, हे बरोबर नाही. या रविवारी पुतणीच्या पाठीवर तिची रोजची पुस्तके, डबा आणि बाटली भरलेले दप्तर देऊन नवा फोटो काढणार आहोत, आणि शेजारी काट्यावरचे वजन दाखवणार आहोत.

आपला नियमित वाचक,
दप्तर व्यावसायिक, अमळनेर (जि. जळगाव)